सर्वाधिक वेळा आलेली k नावे शोधताना मिन हीप का लागतो?

प्रश्न: मी सांगलीत कॉम्प्युटर शिकतो आहे. बेदाण्याच्या सौद्यांच्या सुमारे सहा लाख पावत्यांची फाइल आहे, त्यात प्रत्येक पावतीवर शेतकऱ्याचे गाव आहे. सर्वांत जास्त वेळा आलेली १० गावे काढायची आहेत. पायथॉनमध्ये मोजणी उणे करून मॅक्स हीप केला आणि हीपचा आकार १० च्या वर गेला की `heappop` करतो, पण उत्तरात एकदोनदाच आलेली गावे येतात. मित्र म्हणतो, मिन हीप घे. मोठे हवे असताना लहानांचा हीप कशासाठी? शिवाय `sorted` पेक्षा वेगही फारसा दिसला नाही. पुढे दर हंगामाची वेगळी फाइल येणार आहे, तेव्हा प्रत्येक फाइलचे पहिले १० काढून ते एकत्र केले तर चालेल का?

उत्तर:

हीप ही रचना एकच काम स्वस्तात करते. तिच्या टोकाला जो घटक असतो तो ती लगेच दाखवते, आणि काढायचा झाला तर तोच काढून देते. मधला कुठलाही घटक शोधणे किंवा उलट्या टोकाचा घटक काढणे हे तिच्याकडून स्वस्तात होत नाही. म्हणून हीप कोणता घ्यायचा हे ठरवताना ‘मला काय हवे आहे’ असे विचारण्याऐवजी ‘मला वारंवार काढून काय टाकायचे आहे’ असे विचारावे. तुम्ही मोजणी उणे करून ठेवली, त्यामुळे टोकाला सर्वांत जास्त वेळा आलेले गाव बसले. अकरावे गाव आत आल्यावर `heappop` ने टोकाचे, म्हणजे त्या अकरांतले सर्वांत मोठे गाव बाहेर गेले. हेच शेवटपर्यंत चालल्यावर आत उरली ती सर्वांत कमी वेळा आलेली दहा गावे. प्रोग्रॅमने तुम्ही सांगितलेले काम अगदी अचूक केले आहे, फक्त ते उलट्या बाजूचे काम होते.

मित्राचे म्हणणे बरोबर आहे, पण मॅक्स हीपने हा प्रश्न सुटतच नाही असे मात्र समजू नका. आकारावर मर्यादा न घालता सगळ्या गावांचा मॅक्स हीप बांधला आणि दहा वेळा टोक काढले, तर उत्तर बिनचूक येते आणि वेळही वाईट लागत नाही. n घटकांचा हीप `heapify` ने एकदम बांधायला n च्या प्रमाणातच काम लागते, कारण निम्मे घटक तळाशी असतात व त्यांना हलवावे लागत नाही, उरलेल्यांतल्या निम्म्यांना फार तर एक पायरी उतरावे लागते, आणि वर जावे तसे पायऱ्या वाढल्या तरी घटकांची संख्या निम्म्या-निम्म्याने घटत जाते. विल्यम्स यांनी १९६४ मध्ये हीपसॉर्ट मांडला तेव्हा त्यात घटक एकेक करून घातले जात होते, तर तळापासून बांधण्याची ही रीत त्याच वर्षी फ्लॉइड यांनी दिली. तेव्हा मॅक्स हीप घ्यायचा तर पूर्ण घ्यावा आणि आकार मर्यादित ठेवायचा तर मिन हीप घ्यावा. तुमच्या प्रोग्रॅममध्ये या दोन रीतींची सरमिसळ झाली आहे.

आता मर्यादित मिन हीप नेमके काय करतो ते पाहू. प्रवेशाच्या गुणवत्ता यादीत कट-ऑफ असतो तसे त्याचे टोक समजा. यादीत सध्या असलेल्या दहांपैकी सर्वांत खालचा जो आहे, तो टोकाला बसलेला असतो. नवीन गावाची मोजणी त्याच्याहून कमी असेल तर एका तुलनेत निकाल लागतो आणि हीपला हातही लावावा लागत नाही. जास्त असेल तर कट-ऑफवरचे गाव बाहेर जाते, नवीन गाव आत येते आणि कट-ऑफ वर सरकतो. बाहेर गेलेले गाव पुन्हा तपासण्याची गरज नसते, कारण त्याच्याहून मोठी किमान दहा गावे आपल्याला सापडलेली असतात. पद्धत बरोबर आहे याची खात्री या शेवटच्या वाक्यात आहे. मात्र ते खरे ठरण्यासाठी हीपमध्ये टाकताना प्रत्येक गावाची मोजणी पूर्ण झालेली असली पाहिजे. मोजणी चालू असतानाच हीप भरायला घेतला, तर आज बाहेर टाकलेले गाव उद्याच्या पावत्यांमुळे वर येऊ शकते आणि मग हा युक्तिवाद कोसळतो. एकच गाव दोन वेगवेगळ्या मोजण्यांसह हीपमध्ये दोनदा दिसू लागले, की हीच गडबड झाली आहे असे ओळखावे.

मी साधारण असे लिहितो. k किमान १ आहे हे गृहीत धरले आहे.

```python
import heapq
from collections import Counter

def top_k(names, k):
    heap = []
    for name, c in Counter(names).items():
        if len(heap) < k:
            heapq.heappush(heap, (c, name))
        elif (c, name) > heap[0]:
            heapq.heapreplace(heap, (c, name))
    return sorted(heap, reverse=True)
```

`heappush` करून लगेच `heappop` करण्याऐवजी `heapreplace` वापरले आहे, कारण ते टोकाच्या जागी नवा घटक ठेवून एकदाच जुळवाजुळव करते. उत्तर दोन्हींनी एकच येते.

हे कागदावर एकदा चालवून पाहणे फार उपयोगाचे आहे. समजा k ३ आहे आणि मोजणीनंतर गावे या क्रमाने आली: सावळज ४१, पलूस १७, उमदी २९, नागज १२, सोनी ३५, मणेराजुरी २९, आरग ८. आकडे उदाहरणापुरते आहेत. पहिली तीन गावे बिनशर्त आत जातात आणि हीपची यादी १७, ४१, २९ अशी होते, म्हणजे टोकाला पलूस. नागज १२ वर आहे, तो १७ च्या खाली असल्यामुळे दारातूनच परत जातो. सोनीचे ३५ हे १७ पेक्षा जास्त, म्हणून पलूस बाहेर. ३५ टोकाच्या जागी येतो, त्याच्या खालच्या ४१ आणि २९ या दोघांतला लहान २९ वर चढतो, आणि यादी २९, ४१, ३५ अशी होते. आता कट-ऑफ २९ आहे आणि तिथे उमदी बसलेले आहे. मणेराजुरीचे काय होते ते क्षणभर बाजूला ठेवू. शेवटचे आरग ८ वर आहे, ते आत येण्याचा प्रश्नच नाही.

२९, ४१, ३५ ही यादी नीट पाहा, ती चढत्या क्रमात नाही आणि उतरत्याही नाही. हीपची हमी एवढीच असते की i या स्थानावरचा घटक 2i+1 आणि 2i+2 या स्थानांवरच्या घटकांपेक्षा मोठा नसतो. शेजारच्या दोन फांद्यांमध्ये कोण मोठा यावर कसलेही बंधन नाही. म्हणून हीप तसाच छापला तर गावे योग्य येतील पण क्रम विस्कटलेला दिसेल, आणि नवशिके पुष्कळदा तिथे हीप चुकला असे समजून भलतीकडेच दुरुस्ती करत बसतात. शेवटचे `sorted` त्यासाठीच आहे. ते दहाच घटकांवर चालते, त्यामुळे त्याचा खर्च धरायचे कारण नाही.

आता मणेराजुरी. उमदी २९ आणि मणेराजुरीही २९. वरच्या कोडमध्ये मोजणी व नाव अशी जोडी तुलनेला लावली आहे, आणि पायथॉन अशा जोड्यांची तुलना करताना पहिला भाग सारखा निघाला की दुसऱ्या भागाकडे जातो. ‘मणेराजुरी’ हे अक्षरक्रमाने ‘उमदी’च्या नंतर येते, म्हणून ती जोडी मोठी ठरते आणि उमदी बाहेर जाते. अंतिम उत्तर सावळज, सोनी, मणेराजुरी असे येते. हेच जर तुम्ही `c > heap[0][0]` अशी नुसती मोजणी तपासली असती, तर उमदी टिकले असते, पण फाइलमध्ये मणेराजुरी आधी आले असते तर मणेराजुरी टिकले असते. तिसऱ्या जागेसाठी दोघे समान असताना यांतले कोणते बरोबर, हे हीप सांगू शकत नाही. ते प्रश्न देणाऱ्याने सांगायचे असते. परीक्षेतल्या प्रश्नांत बहुधा ‘मोजणी समान असेल तर अक्षरक्रमाने आधी येणारे नाव घ्यावे’ अशी अट असते, आणि वरचे कोड नेमके तिथे नापास होते, कारण आपल्याला मोजणी मोठी हवी पण नाव लहान हवे. मोजणी उणे करता येते, नाव उणे करता येत नाही, आणि बहुतेक विद्यार्थी इथेच अडकतात.

यातून सुटायला स्वतःचा वर्ग लिहून त्यात `__lt__` ठरवता येतो, आणि त्यात ‘लहान’ याचा अर्थ ‘आधी बाहेर जाणारा’ असा घ्यायचा. पण रोजच्या कामात मी तेवढेही करत नाही, हे वापरतो:

```python
counts = Counter(names)
ans = heapq.nsmallest(10, counts.items(),
                      key=lambda x: (-x[1], x[0]))
```

इथे मोजणी उणे केल्यामुळे सर्वांत मोठी मोजणी ‘सर्वांत लहान’ ठरते, आणि नावाचा क्रम सरळच राहतो. `nsmallest` आतमध्ये दहा घटकांचा हीप स्वतःच सांभाळते, आणि तिथेही टोकाला बसलेला असतो तो निवडलेल्या दहांतला सर्वांत कच्चा घटकच. `Counter` ची `most_common(10)` ही पद्धतही आतून `heapq.nlargest` लाच बोलावते, फक्त समान मोजणीच्या नावांत ती जे आधी भेटले त्याला पुढे ठेवते. अक्षरक्रमाची अट नसेल तर तेवढी एक ओळ पुरे. जाता जाता एक गोष्ट सांगतो. पायथॉनचा अक्षरक्रम म्हणजे युनिकोडचा क्रम, आणि त्यात ळ हे अक्षर ल आणि व यांच्या मध्ये येते, मराठी वर्णमालेसारखे ह च्या नंतर येत नाही. अहवाल छापून एखाद्या अडत्याच्या हातात देणार असाल तर हे ध्यानात ठेवावे.

वेगाविषयी तुमचे निरीक्षण खरे आहे आणि ते अपेक्षितही आहे. पावत्या सहा लाख असल्या तरी हीपकडे जातात ती वेगवेगळी गावे, आणि जिल्ह्यातून व शेजारच्या भागातून माल येतो असे धरले तरी ती काही शेकड्यांच्या घरात असतील. समजा ४०० आहेत. ४०० नावे क्रमाने लावायला साधारण साडेतीन हजार तुलना लागतात. हीपला प्रत्येक गावाची कट-ऑफशी एक, अशा ४०० तुलना, आणि वर काही अदलाबदली. दुसरीकडे फाइल वाचणे, ओळ तोडणे आणि मोजणी एकाने वाढवणे हे काम सहा लाख वेळा होते. सगळा वेळ तिथे जातो, आणि त्या वेळेपुढे शेवटच्या टप्प्यात हीप घेतला की `sorted`, हे घड्याळात दिसतसुद्धा नाही. वाचन, मोजणी आणि निवड या तिन्ही टप्प्यांभोवती वेगवेगळे `time.perf_counter()` लावून पाहा, म्हणजे पटेल. उलट, पायथॉनचे `sorted` पूर्णपणे सी भाषेत लिहिलेले आहे आणि आपला हीपचा लूप पायथॉनमध्ये फिरतो, त्यामुळे लहान n साठी `sorted` पुढे गेले तरी नवल नाही. तुमच्या या फाइलसाठी मी स्वतः हीपच्या वाटेला गेलो नसतो.

हीपचा फायदा वेगवेगळी नावे पुष्कळ असतात तेव्हा दिसतो. गावांऐवजी शेतकऱ्यांची नावे घेतली आणि ती दहा हजार निघाली असे धरू. नावे कसल्याही विशेष क्रमाने आलेली नसतील, तर i वे नाव आतापर्यंतच्या पहिल्या k मध्ये बसण्याची शक्यता k/i असते. या सगळ्या शक्यतांची बेरीज केली की पहिले दहा भरल्यानंतरच्या अदलाबदली सरासरीने k·ln(n/k) येतात. k १० आणि n दहा हजार असताना हा आकडा सुमारे ६९ आहे. म्हणजे दहा हजारांपैकी जेमतेम सत्तर नावांसाठी हीप हलतो आणि बाकीची सगळी एकेका तुलनेत परत जातात. पुस्तकात दिलेला n log k हा अंदाज सर्वांत वाईट परिस्थितीचा आहे, आणि ती परिस्थिती तेव्हा येते जेव्हा नावे मोजणीच्या चढत्या क्रमानेच येतात, कारण तेव्हा प्रत्येक नवे नाव कट-ऑफ ओलांडते. एखाद्या दुसऱ्या प्रोग्रॅमने आधीच मोजणीनुसार चढत्या क्रमात लावून ठेवलेली यादी हातात आली, तर हे प्रत्यक्षातही घडते. मात्र तशा यादीची शेवटची दहा नावेच उत्तर असतात, तिथे हीपची गरजच नाही.

मेमरीबाबत पुस्तकातले एक वाक्य जपून घ्यावे. मर्यादित हीपला k एवढीच जागा लागते हे खरे, पण तुमच्या `Counter` मध्ये सगळी वेगवेगळी नावे आधीच बसलेली असतात, त्यामुळे प्रत्यक्षात वाचलेली जागा किरकोळ असते. ही बचत खरी व्हायची तर मोजण्याही एकेक करून आल्या पाहिजेत. फाइल नावानुसार क्रमाने लावलेली असेल तर एका नावाच्या सगळ्या पावत्या लागोपाठ येतात, `itertools.groupby` ने एकेका गटाची मोजणी करता येते, आणि ती हीपकडे देऊन विसरता येते. तेव्हा मात्र मेमरीत खरोखर दहाच नावे राहतात.

हीपपेक्षाही तुमचे उत्तर बिघडवणारी गोष्ट मला या पावत्यांच्या नावांत दिसते. कवठेमहांकाळ हे नाव कोणी जोडून लिहितो, कोणी तोडून, कोणी ‘क. महांकाळ’ असे. तिन्ही वेगळी नावे म्हणून मोजली जातात आणि तिघांत वाटला गेलेला तालुका पहिल्या दहांतून अलगद बाहेर पडतो. हे निदान डोळ्यांना दिसते. कऱ्हाडचे तसे नाही. त्यातले अर्धे ऱ दोन प्रकारे टाइप होते: ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही शब्द सारखेच दिसतात, पण पहिल्याची `len()` ६ येते आणि दुसऱ्याची ७. `unicodedata.normalize("NFC", s)` ने हा भेद जात नाही, तो बदल स्वतः करावा लागतो. यादीत एकच गाव दोनदा छापले गेले तर `print(ascii(name))` करून पाहा. एकात `\u0931\u094d` आणि दुसऱ्यात `\u0930\u094d\u200d` दिसले की कारण सापडले. ही सफाई मोजणीच्या आधीच करायची, कारण मोजणीनंतर कट-ऑफच्या खाली गेलेले अर्धे गाव परत आणता येत नाही.

राहिला हंगामवार फाइलींचा प्रश्न. प्रत्येक फाइलचे पहिले दहा काढून ते एकत्र करणे चालणार नाही, आणि हे दाखवायला k १ असलेले उदाहरण पुरते. पहिल्या हंगामात सावळज २० आणि सोनी १९, दुसऱ्या हंगामात उमदी २० आणि सोनी १९. हंगामवार पहिला नंबर सावळज आणि उमदी यांचा, सोनी दोन्हीकडे गळाले. प्रत्यक्षात दोन्ही हंगाम मिळून सोनी ३८ वर आहे आणि बाकी दोघे २० वर. k दहा किंवा शंभर केला तरी अडचण तीच राहते, ती फक्त कट-ऑफच्या जवळ सरकते आणि म्हणून लवकर लक्षात येत नाही. प्रत्येक हंगामाचा पूर्ण `Counter` जतन करून ठेवा. पायथॉनमध्ये `a + b` असे लिहिले की दोन `Counter` मधल्या मोजण्या नावागणिक मिळवल्या जातात, आणि निवड त्या बेरजेवर शेवटी एकदाच करायची. चारशे गावांची मोजणी दर हंगामाला साठवून ठेवायला काही किलोबाइट लागतात, तेवढ्यासाठी आधीच छाटणी करण्यात काही लाभ नाही. एकच सूट अशी की फाइली हंगामाऐवजी गावानुसार वाटलेल्या असतील आणि एका गावाच्या सगळ्या पावत्या एकाच फाइलमध्ये असतील, तर प्रत्येक फाइलमधली मोजणी पूर्ण असते, आणि तेव्हा प्रत्येकीचे पहिले दहा घेऊन त्यांतून अंतिम दहा निवडले तरी उत्तर बरोबरच येते.